मुतझिला: पाच तत्त्वं, बुद्धीचा आग्रह आणि ओसरलेला प्रभाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इस्लाममधल्या बुद्धिवादाचा विषय निघाला की मुतझिलांचं नाव येतं, आणि पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. काही प्रश्न अगदी पायाभूत असतात. काही मात्र इतके नेमके असतात की विचारणाऱ्याने बरंच वाचलेलं आहे हे कळतं. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे घेतले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. मुतझिला म्हणजे नेमके कोण? शिया-सुन्नींसारखा तिसरा पंथ होता का?

नाही. ती कलामची एक परंपरा होती. कलाम म्हणजे युक्तिवादाने आणि खंडनमंडनाने केलेला ईश्वरविचार. नमाज कशी पढायची, वारसा कसा वाटायचा, लग्न कधी वैध, हे फिकहचे म्हणजे धर्मशास्त्रीय कायद्याचे प्रश्न झाले, आणि त्यांत मुतझिली माणूस कुठल्या ना कुठल्या प्रस्थापित परंपरेप्रमाणेच चालायचा. काजी अब्दुल जब्बार कायद्याने शाफिई होते, तर कुरआनचे भाष्यकार झमख्शरी हनफी. दोघेही पक्के मुतझिली. शिया मंडळींतही त्यांचे विचार मुरले (प्रश्न १५ पाहा).

ही परंपरा इराकमधल्या बसऱ्यात ८ व्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. वासिल इब्न अता (मृत्यू ७४८ च्या सुमारास) आणि अम्र इब्न उबैद (मृत्यू ७६१ च्या सुमारास) ही तिच्या आरंभाची दोन नावं. पुढे बिश्र इब्न अल-मुतमिर यांनी बगदादमध्ये दुसरी शाखा उभी केली. बसरा आणि बगदाद या शाखांत इतके मतभेद होते की "मुतझिलांचं मत काय?" या प्रश्नाला पुष्कळदा "कुठल्या मुतझिलांचं?" असंच विचारावं लागतं.

२. या नावाचा अर्थ "बाजूला झालेले" असा सांगतात. कोणापासून बाजूला झाले?

प्रसिद्ध गोष्ट अशी. बसऱ्याच्या मशिदीत हसन अल-बसरी (मृत्यू ७२८) शिकवत बसले होते. कोणीतरी विचारलं की मोठं पाप करणारा मुसलमान मुसलमान राहतो का? खारिजी म्हणत, तो काफिर झाला. मुर्जिया म्हणत, श्रद्धा आहे तोवर पापाने तिला धक्का लागत नाही. हसन उत्तर देण्याआधीच त्यांचा शिष्य वासिल बोलला, की तो धड श्रद्धावान नाही आणि धड काफिरही नाही, तो दोहोंच्या मधे आहे. एवढं बोलून तो उठला आणि दुसऱ्या खांबापाशी जाऊन शिकवू लागला. तेव्हा हसन म्हणाले, "इअतझल अन्ना", वासिल आमच्यातून बाजूला झाला.

गोष्ट छान आहे आणि म्हणूनच जरा जपून घ्यावी. काही वृत्तांतांत बाजूला होणारा वासिल नसून अम्र आहे, आणि ते शब्द हसनच्या नव्हे तर कताद्याच्या तोंडी आहेत. नाव आधीपासून प्रचारात होतं आणि त्याला शोभेल अशी कथा नंतर रचली गेली, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. ही मंडळी स्वतःला "अहल अल-अद्ल वत्-तौहीद" म्हणजे न्याय आणि एकत्व मानणारे म्हणवून घेत. त्यांचं खरं वेगळेपण या नावात जास्त दिसतं.

३. पाच तत्त्वं कोणती, आणि ती पाचही मानावीच लागत का?

तौहीद (ईश्वराचं एकत्व), अद्ल (ईश्वराचा न्याय), वअद आणि वईद (ईश्वराचं वचन आणि त्याची ताकीद), दोन स्थानांमधलं स्थान, आणि पाचवं म्हणजे भल्याचा आदेश देणं व बुऱ्याला मनाई करणं. ही चौकट ९ व्या शतकात बसऱ्याच्या अबुल हुझैल यांच्या काळी बांधली गेली. बगदादचे अल-खय्यात यांनी तर स्पष्टच लिहिलं की पाचही मानल्याशिवाय कोणाला मुतझिली म्हणवून घेता येणार नाही.

पाचांचं वजन मात्र सारखं नाही. पहिली दोन म्हणजे पाया. तिसरं दुसऱ्यातून निघतं. चौथं हा आरंभीच्या वादाचा अवशेष आहे. पाचवं सगळ्याच मुसलमानांना तत्त्वतः मान्य आहे. म्हणून पुढची उत्तरंही कमीजास्त लांबीची आहेत.

४. एकच ईश्वर तर सगळेच मुसलमान मानतात. मग यांच्या तौहीदमध्ये वेगळं काय?

एकत्वाचा अर्थ ते फार कडक लावत. ईश्वर ज्ञानी आहे, समर्थ आहे, जिवंत आहे, असं कुरआन म्हणतं. आता "ईश्वराचं ज्ञान" ही ईश्वराहून निराळी आणि तरीही अनादी अशी वस्तू आहे का? असेल तर ईश्वराखेरीज आणखी काहीतरी अनादी आहे असं होतं आणि एकत्वाला तडा जातो. म्हणून ते म्हणत की ईश्वर ज्ञानी आहे तो स्वतःच्या सत्तेनेच, ज्ञान नावाच्या वेगळ्या गुणामुळे नव्हे. विरोधक यावरून त्यांना "मुअत्तिला", म्हणजे ईश्वराला गुणांपासून रिकामं करणारे, असं हिणवत.

दुसरं म्हणजे, ईश्वराला शरीर, दिशा, जागा काहीही नाही. "त्याच्यासारखं काहीच नाही" ही ४२ व्या अध्यायातली आयत ते कसोटी म्हणून धरत. जिथे "ईश्वराचा हात" असा शब्द येतो तिथे सामर्थ्य किंवा कृपा असा अर्थ ते लावत. ७५ व्या अध्यायात स्वर्गात काही चेहरे "आपल्या प्रभूकडे पाहणारे" असतील असं आहे. बहुसंख्य सुन्नी यावरून ईश्वराचं प्रत्यक्ष दर्शन मानतात. पण जे दिसतं ते कुठल्यातरी दिशेला असतं, आणि ईश्वराला दिशा नाही. तेव्हा मुतझिलांनी "पाहणारे"चा अर्थ "वाट पाहणारे", त्याच्या कृपेची आस लावून बसलेले, असा केला. मराठीतही आपण एखाद्याच्या तोंडाकडे बघून जगतो तेव्हा डोळ्यांची गोष्ट करत नसतो. साधारण तसंच.

५. कुरआन "निर्माण केलेलं" की "अनादी", यावर एवढं रणकंदन कशासाठी?

हे तौहीदचंच पुढचं पाऊल आहे. कुरआन ईश्वराची वाणी आहे यावर वाद नव्हता. पण ही वाणी अनादी मानली तर ईश्वराबरोबर दुसरं काही अनादी ठरतं. शिवाय वाणी म्हणजे अक्षरं आणि आवाज, एकामागून एक येणारे. "ब"च्या आधी "अ" आला म्हणजे "ब" अनादी कसा? म्हणून ते म्हणत की कुरआन ईश्वराने निर्माण केलं. "आम्ही ते अरबी कुरआन केलं" या ४३ व्या अध्यायातल्या वाक्यावर त्यांचा भर असे.

आपल्याकडच्या वाचकाला मीमांसक आणि नैयायिक यांचा झगडा आठवेल. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आणि शब्द नित्य, तर नैयायिकांच्या मते शब्द अनित्य आणि वेद ईश्वरकृत. वेदाचं प्रामाण्य दोघेही मानत. इथेही तसंच आहे. "निर्माण केलेलं" म्हणणारा कुरआनला कमी लेखत नव्हता. साम्य मात्र एवढंच. दोन परंपरांचा इथे काही संबंध होता असं समजू नये.

आणि एक गुंता. कुरआन निर्मित आहे असं जह्म इब्न सफवान (मृत्यू ७४६) याच्या अनुयायांचंही मत होतं, पण जह्म माणसाला कर्मस्वातंत्र्यच नाकारणारा होता. मुतझिलांच्या अगदी उलट. त्यामुळे "कुरआन निर्मित मानणारा तो मुतझिली" हे समीकरण चुकीचं आहे.

६. "अद्ल" म्हणजे ईश्वर न्यायी आहे. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

सगळा वाद इथेच आहे. माझ्या मते मुतझिलांचं जे काही मोठेपण आहे तेही इथेच.

प्रश्न असा: ईश्वर जे करतो ते तो करतो म्हणून न्याय्य ठरतं, की ते न्याय्य आहे म्हणून तो करतो? मुतझिलांचं उत्तर दुसरं. भलं आणि बुरं हे कर्मांच्या अंगी असतं, आणि माणसाच्या बुद्धीला ते धर्मग्रंथाशिवायही कळतं. अब्दुल जब्बार यांनी अन्यायाची व्याख्याच करून ठेवली: ज्या इजेला माणूस पात्र नाही, जिच्यातून त्याचा तिच्याहून मोठा फायदा होत नाही आणि जिने तिच्याहून मोठं संकटही टळत नाही, ती इजा म्हणजे अन्याय. वैद्य गळू फोडतो तेव्हा दुखतं, पण मोठं संकट टळतं, म्हणून तो अन्याय नव्हे. चोराला झालेली शिक्षा त्याच्या पात्रतेची असते. रस्त्याने चाललेल्या माणसाला उगाच मारलेली थप्पड तिन्ही कसोट्यांवर नापास होते. आता महत्त्वाची गोष्ट अशी की हीच व्याख्या ते ईश्वरालाही लावत. ईश्वर अन्याय करू शकतो, पण तो सर्वज्ञ आणि निरिच्छ असल्यामुळे करत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं. त्यांच्यातलाच नझ्झाम तर पुढे जाऊन म्हणे की तो करूच शकत नाही.

यातून दुसरी गोष्ट निघते. माणसाची कर्मं माणूसच घडवतो. ईश्वराने माझ्या हातून चोरी घडवायची आणि वर मलाच शिक्षा द्यायची, हे वरच्या व्याख्येप्रमाणे उघड अन्यायात बसतं.

"भलंबुरं फक्त ईश्वराच्या आज्ञेने ठरतं" म्हणणाऱ्यांना ते दोन प्रश्न विचारत. एक, ज्यांच्याकडे पैगंबर आलेच नाहीत किंवा जे पैगंबर मानतच नाहीत, तेही खोटेपणाला आणि जुलमाला वाईट कसे म्हणतात? इथे कलामच्या ग्रंथांत एक भारतीय नाव येतं: "बराहिमा", म्हणजे ब्राह्मण. बुद्धी पुरेशी आहे म्हणून पैगंबरांची गरज नाही, असं म्हणणारे लोक म्हणून ते तिथे उभे केलेले असतात. खऱ्या ब्राह्मणांशी त्यांचं किती नातं होतं यावर वाद आहे. दुसरा प्रश्न जास्त धारदार आहे. खोटं बोलणं मुळात वाईट नसून केवळ मनाई आहे म्हणून वाईट असेल, तर ईश्वर स्वतः खोटं बोलत नाही, खोट्या पैगंबराच्या हातून चमत्कार करवत नाही, हे कशावरून? ग्रंथावर विश्वास ठेवण्यासाठीच ग्रंथाच्या आधी थोडी नीती कळलेली असावी लागते.

७. बुद्धीला सगळं कळतं तर मग त्यांच्या मते पैगंबर कशाला हवेत?

सगळं कळतं असं ते म्हणत नव्हते. उपकारकर्त्याचे आभार मानावेत, ठेव परत करावी, खोटं बोलू नये, एवढं बुद्धीला कळतं. पण दिवसात पाच वेळा नमाज का, रमजानचा उपवास का, हे विचार करून सापडत नाही. अशा आचरणाने माणूस कर्तव्याच्या जवळ जातो हे ईश्वरच जाणतो, आणि ते सांगणं ही त्याची मदत. या मदतीला ते "लुत्फ" म्हणत. म्हणजे "बराहिमा"शी त्यांची वाट अर्ध्यापर्यंतच एक होती.

८. निष्पाप मुलं आजारी पडतात, जनावरं तडफडतात. न्यायी ईश्वर हे कसं करतो?

ते हा प्रश्न टाळत नसत. ईश्वराने दिलेल्या दुःखाची भरपाई, म्हणजे "इवद", त्याच्यावर बंधनकारक आहे असं ते म्हणत. ही भरपाई मुलांना मिळेल, वेड्यांना मिळेल, जनावरांनाही मिळेल. तपशिलांवर घोळ खूप झाला. भरपाई कायमची की ठरावीक काळापुरती? जनावराला ती मिळते तेव्हा ते कुठे असतं? पण नुसत्या भरपाईने भागत नाही, हे बसऱ्याच्या पुढच्या मुतझिलांना जाणवलं होतं. नंतर पैसे देईन म्हणून आज कोणाला मारता येत नाही. म्हणून त्यांनी दुसरी अट घातली: त्या दुःखातून कोणाला तरी, भोगणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला, कर्तव्याची जाग येत असली पाहिजे. हे उत्तर पटणं न पटणं वाचकावर. पण देवाची करणी म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत.

९. "तीन भावांच्या गोष्टी"ने मुतझिलांना निरुत्तर केलं म्हणतात. ती काय आहे?

अबुल हसन अल-अशअरी (मृत्यू ९३५ च्या सुमारास) हे बसऱ्याच्या मुतझिली गुरू अबू अली अल-जुब्बाई (मृत्यू ९१५ च्या सुमारास) यांचे शिष्य. त्यांनी गुरूला विचारलं: तीन भाऊ होते. एक सज्जन होऊन मेला, एक काफिर होऊन मेला, एक लहानपणीच गेला. त्यांचं काय? गुरू म्हणाले, पहिला स्वर्गात उच्च स्थानी, दुसरा नरकात, मुलगा सुरक्षित. शिष्य म्हणाला, मुलाने विचारलं की मला का जगवलं नाहीस, मीही पुण्य केलं असतं? गुरू: ईश्वर म्हणेल, तू मोठा होऊन पापी झाला असतास हे मला ठाऊक होतं, तुझ्या हिताचंच केलं. शिष्य: मग नरकातला भाऊ ओरडेल, माझंही तुला ठाऊक होतं, मला लहानपणी का उचललं नाहीस? गुरू गप्प झाले आणि शिष्य पंथ सोडून गेला.

यावरून मत बनवण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. अशअरींनी ९१२ च्या आसपास मुतझिला सोडला हे खरं, पण त्याचं कारण ही गोष्ट होती याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. अशअरींच्या परंपरेतले पुढचे विद्वान गझाली ही गोष्ट सांगतात तेव्हा तीत जुब्बाई-अशअरींची नावंच नाहीत. दुसरं म्हणजे, बाण भलतीकडे मारला आहे. प्रत्येकाचं सर्वांत जास्त हित करणं ईश्वरावर बंधनकारक आहे, हे मत बगदाद शाखेतल्यांचं. बसऱ्याचे म्हणत की ईश्वराने एखाद्यावर धर्माची जबाबदारी टाकली की त्याला ती पेलण्याची ताकद आणि मदत देणं एवढंच बंधनकारक. कोणाला किती जगवायचं ही त्याची मर्जी. जुब्बाई बसऱ्याचे. ते एवढ्यावर गप्प बसले असतील असं वाटत नाही.

तरीही गोष्ट टिकली, कारण तिच्यातली टोचणी खरी आहे. ईश्वराच्या प्रत्येक करणीचा हिशेब लागतोच असं म्हटलं की कधीतरी न लागणारा हिशेब समोर येतोच.

१०. पापी मुसलमान कायमचा नरकात जातो, असं ते खरंच मानत?

हो. तिसरं तत्त्व हेच सांगतं. ईश्वराने सज्जनांना वचन दिलं आहे आणि पाप्यांना ताकीद दिली आहे, आणि दोन्ही तो पाळणारच. नाहीतर तो खोटा ठरेल. मोठं पाप करून पश्चात्ताप न करता मेलेला मुसलमान नरकात राहील, फक्त काफिरापेक्षा त्याची शिक्षा सौम्य असेल. पैगंबरांची शफाअत, म्हणजे रदबदली, त्याला तिथून सोडवणार नाही. ती पुण्यवानांचा दर्जा वाढवण्यासाठी आहे. जाणूनबुजून श्रद्धावानाला मारणारा नरकात कायम राहील, ही चौथ्या अध्यायातली ९३ वी आयत ते पुढे करत. विरोधक त्याच अध्यायातली ४८ वी आयत दाखवत: अनेकेश्वरत्व सोडून बाकी सारं ईश्वर त्याला हवं त्याला माफ करतो.

यावरचा एक किस्सा अरबी व्याकरणकार आवडीने सांगतात. अम्र इब्न उबैद हेच मत मांडत असताना अबू अम्र इब्न अल-अला म्हणाले की तुझी भाषेची समज परक्याची आहे. वचन मोडणं अरबांना लाजिरवाणं वाटतं, पण ताकीद देऊन मग सोडून देणं त्यांच्या लेखी मोठ्या मनाचं लक्षण असतं. आणि त्यांनी जुन्या कवितेतल्या ओळी म्हणून दाखवल्या.

बुद्धिवादी म्हणजे सैल, उदार अशी आपली समजूत असते. या मुद्द्यावर मुतझिला बहुसंख्य सुन्नींहून कितीतरी कठोर होते.

११. "दोन स्थानांमधलं स्थान" आणि "भल्याचा आदेश" यांचा प्रत्यक्षात अर्थ काय?

चौथं तत्त्व म्हणजे प्रश्न २ मधलं वासिलचं उत्तर. मोठा पापी "फासिक" असतो, श्रद्धावानही नाही आणि काफिरही नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की त्याचं लग्न टिकतं, त्याला वारसा मिळतो, त्याला मुसलमानांच्या कबरस्तानात पुरतात, मात्र "मोमिन" हे मानाचं विशेषण त्याला लागत नाही. खारिज्यांच्या तलवारीपासून त्याचा जीव वाचवणारं हे मत होतं.

पाचवं तत्त्व तिसऱ्या अध्यायातल्या १०४ व्या आयतीवर उभं आहे. जुलमी राज्यकर्त्याविरुद्ध उभं राहणंही त्यात येतं, पण यश मिळण्याची शक्यता असेल आणि त्यातून जास्त वाईट घडणार नसेल तरच. पुढच्या काळात या तत्त्वावर त्यांचा फारसा जोर राहिला नाही.

१२. ते नास्तिक किंवा आपल्या चार्वाकांसारखे होते का?

अजिबात नाही. त्यांच्यातले कित्येक कडक व्रतस्थ होते. अम्र इब्न उबैदची तर तीच ख्याती होती. बुद्धी वापरायची ती ईश्वराचं एकत्व सिद्ध करायला आणि मानी पंथीय, ख्रिस्ती, ज्यू यांच्याशी वाद घालायला. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या परंपरेतले फल्सफी वेगळे. गझालींचा १०९५ चा प्रसिद्ध हल्ला त्या फल्सफींवर, मुख्यतः इब्न सीनांवर होता. "गझालींनी मुतझिला संपवला" हे वाक्य सर्रास ऐकू येतं, पण त्यात दोन निराळ्या मंडळींची गल्लत आहे.

१३. विवेकवादी म्हणवणाऱ्यांनीच लोकांना फटके मारले, हे खरं का?

मिहना, म्हणजे परीक्षा, हा काळा अध्याय आहे. ८३३ मध्ये खलीफा मामूनने सरहद्दीच्या मोहिमेवरून बगदादला इसहाक इब्न इब्राहीम या आपल्या अधिकाऱ्याला पत्रं पाठवली, की काजींना आणि हदीसच्या जाणकारांना बोलावून कुरआन निर्मित आहे हे कबूल करून घे. बहुतेकांनी मान तुकवली. शेवटी अहमद इब्न हंबल आणि मुहम्मद इब्न नूह हे दोघेच ठाम राहिले. त्यांना साखळदंड घालून खलीफाकडे रवाना केलं. वाटेतच मामून मेल्याची बातमी आली, आणि परतताना इब्न नूहही गेला. पुढचा खलीफा मुअतसिम याने इब्न हंबल यांना चाबकाने फोडून काढलं. वासिकच्या काळात ८४५ मध्ये बायझंटाइन सैन्याशी कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा सुटून येणाऱ्या मुसलमान कैद्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला. नकार देणाऱ्याला सोडवून घेतलं नाही. मुतवक्किल ८४७ मध्ये गादीवर आला आणि त्याने काही वर्षांत हे सारं थांबवलं.

यात मुतझिली काजी इब्न अबी दुआद यांचा हात मोठा होता, हे नाकारता येत नाही. पण सगळेच त्यात नव्हते. बगदादचे दोन जाफर, इब्न हर्ब आणि इब्न मुबश्शिर, दरबारापासून लांब राहणारे म्हणून ओळखले जात. आणि मामून स्वतः पाच तत्त्वं मानणारा मुतझिली होता का, हेही नक्की नाही (प्रश्न ५ चा शेवट पाहा).

१४. मग मिहनेमुळेच त्यांचा प्रभाव संपला ना? नेमका का ओसरला?

मिहनेने त्यांचं नाव खराब झालं आणि इब्न हंबल वीरपुरुष ठरले. पण ती शेवट नव्हती. जुब्बाई, त्यांचे पुत्र अबू हाशिम, अब्दुल जब्बार (मृत्यू १०२५), अबुल हुसैन अल-बसरी (मृत्यू १०४४) ही त्यांची सर्वांत तयारीची माणसं मिहनेनंतरची आहेत. १० व्या शतकाच्या उत्तरार्धात बुवैही वजीर साहिब इब्न अब्बाद यांनी अब्दुल जब्बारना तेहरानजवळच्या रय शहरी मुख्य काजी नेमलं तेव्हा मुतझिला चांगला बहरात होता. म्हणजे कारणं पुढच्या शतकात शोधायला हवीत.

पहिलं कारण आश्रय. १०१७ मध्ये खलीफा कादिरने मुतझिली मताच्या हनफी काजी-विद्वानांकडून ते मत सोडल्याचं लिहून घेतलं, आणि पुढे त्याच्या नावाचा श्रद्धानामा दरबारात वाचला जाऊ लागला. १०२९ मध्ये महमूद गझनवीने रय जिंकलं आणि मुतझिलांची पुस्तकं जाळली. होय, सोमनाथवाला तोच महमूद. नंतर सेल्जुक वजीर निझाम अल-मुल्कने १०६७ मध्ये बगदादला निझामिया मदरसा उघडला. तो शाफिईंसाठी होता आणि शाफिईंत अशअरी विचार रुजला होता. इथून पुढे वक्फची मिळकत, शिष्यवृत्ती, नोकरी ही सगळी कायद्याच्या शाळांतून मिळू लागली. शाफिईंची जोडी अशअरींशी जमली. हनफींची हळूहळू मातुरीदींशी, म्हणजे समरकंदच्या कलाम परंपरेशी जमली. मुतझिलांची स्वतःची कायद्याची शाळा कधीच नव्हती. पूर्वी ते कुठल्याही घरात पाहुणे म्हणून राहू शकत. आता घरं वाटली गेली.

याचा चटका कसा होता ते इब्न अकील (१०४०–१११९) यांच्यावरून दिसतं. बगदादचा हा हुशार हंबली तरुण इब्न अल-वलीद या मुतझिली गुरूकडे गुपचूप शिकायला जायचा. बोभाटा झाला, वर्षानुवर्षं लपून राहावं लागलं, आणि १०७२ मध्ये मुतझिलांशी संबंध तोडल्याचं निवेदन लिहून ते सर्वांसमक्ष वाचावं लागलं. मत बदललं की नाही कोण जाणे. पण ते शिकण्याची किंमत काय हे इतर तरुणांना कळलं.

दुसरं कारण उलटं आहे: त्यांचं हत्यार सगळ्यांनी उचललं. अशअरी, जुवैनी, गझाली, राझी हे सारे युक्तिवादाने बोलत. अणू आणि गुण यांची भाषा, विश्वाला आरंभ आहे याची सिद्धता, प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडून खोडण्याची शिस्त, हे मुतझिलांच्या आखाड्यातच तयार झालं होतं. मातुरीदींनी तर काही भलंबुरं बुद्धीला कळतं हेही ठेवून घेतलं. बुद्धी हवी असेल तर त्यासाठी मुतझिली व्हायची गरज उरली नाही.

आणि तिसरं, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रश्न १० मधलं मत सामान्य श्रद्धाळूला पेलणारं नव्हतं. ज्याच्या हातून पाप घडलं आहे, म्हणजे जवळजवळ प्रत्येकजण, त्याला पैगंबरांच्या रदबदलीची आशा हवी असते. अशअरींचा ईश्वर मनात आलं तर माफ करतो. मुतझिलांचा ईश्वर न्यायाने बांधलेला आहे. तर्काच्या दृष्टीने दुसरा ईश्वर जास्त सुसंगत असेलही, पण मरणशय्येवर कोणाचं नाव घ्यावंसं वाटेल?

१५. आज कोणी मुतझिली आहे का? आणि भारताशी त्यांचा काही संबंध?

स्वतंत्र परंपरा म्हणून नाही. मध्य आशियातल्या ख्वारझममध्ये त्यांचा शेवटचा मोठा गड मंगोल स्वारीपर्यंत तग धरून होता. विचार मात्र दुसऱ्या घरांत राहिले. येमेनच्या झैदी शियांनी १२ व्या शतकात त्यांचे ग्रंथ नेऊन सांभाळले. बारा इमाम मानणाऱ्या शियांनी शरीफ मुर्तझांच्या (मृत्यू १०४४) हातून न्यायाचं तत्त्व आपलंसं केलं, कायमच्या नरकाचं मत मात्र घेतलं नाही. करैती ज्यूंनीही त्यांची मतं उचलली, आणि त्यांच्याकडे मुतझिली ग्रंथांच्या नकला जपल्या गेल्या.

भारतात १९ व्या शतकात सर सय्यद अहमद खान यांना विरोधकांनी "नवे मुतझिली" म्हटलं, आणि अमीर अलींनी मुतझिलांबद्दलचं कौतुक उघड लिहिलं. जुना धागा मात्र झमख्शरींच्या (१०७५–११४४) "अल-कश्शाफ" या भाष्याचा आहे. अरबी भाषेच्या बारकाव्यांसाठी ते इतकं अजोड होतं की टाकून देता येईना. म्हणून बैदावींनी १३ व्या शतकात त्याचाच आधार घेऊन, मुतझिली मतं बरीचशी गाळून, आपलं भाष्य लिहिलं. भारतातल्या दर्स-ए-निझामी अभ्यासक्रमात ते शिकवलं जात आलं आहे.

१६. त्यांची पुस्तकं जाळली गेली असतील तर त्यांची मतं कळतात कशी?

फार काळ ती विरोधकांच्या खंडनांतूनच कळत होती. म्हणजे फिर्यादीच्या तोंडून आरोपीचं म्हणणं ऐकावं तसं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इजिप्तच्या संशोधकांना येमेनमध्ये अब्दुल जब्बारांच्या २० खंडी "अल-मुग्नी"चे बरेच खंड सापडले, आणि चित्र पालटलं. अजूनही येमेनमधल्या झैदी संग्रहांतून आणि कैरोच्या ज्यू कागदपत्रांतून तुकडे हाती येतात. एक फसवा अपवाद ध्यानात ठेवावा. १९६५ मध्ये कैरोत अब्दुल जब्बारांच्या नावाने छापलेलं पाच तत्त्वांवरचं प्रसिद्ध भाष्य त्यांचं नाही, ते मानकदीम या झैदी विद्वानाचं आहे. ते वापरायला हरकत नाही. प्रश्न ८ आणि १० वरची त्यातली चर्चा तर फार सोपी आहे. फक्त "अब्दुल जब्बार म्हणतात" असं लिहिण्याआधी थांबावं.

"कश्शाफ"च्या कित्येक छापील आवृत्त्यांत झमख्शरींसोबत समासात अलेक्झांड्रियाच्या इब्न अल-मुनय्यिर (मृत्यू १२८४) यांची टीकाही छापलेली असते. जिथे मुतझिली मत डोकावतं तिथे ते ते पकडतात. नवख्या वाचकाला झमख्शरी नेमके कुठे मुतझिली होतात हे शोधायचं असेल तर समास पाहत जावं. वैऱ्याइतकं बारकाईने कोणी वाचत नाही.